चॅट पुसलं, फाइल राहिली

डिसेंबर 2017 मध्ये गूगलने भारतीयांचा विचार करून Files Go नावाचं एक अॅप आणलं. पुढे त्याचं नाव Files by Google झालं. ते अॅप आणण्यामागे एक साधं निरीक्षण होतं. इथल्या स्वस्त फोनांमधली जागा सारखी भरत होती आणि तिचा बराचसा भाग फुलांच्या, सूर्योदयाच्या आणि ‘शुभ प्रभात’च्या चित्रांनी व्यापलेला होता. त्यानंतर फोन मोठे झाले, पण येणारा माल त्याहून मोठा झाला. चित्रांची जागा व्हिडिओंनी घेतली. आज 32 जीबीचा जुना अँड्रॉइड फोन वापरणाऱ्याची तक्रार साधारण अशी असते: ‘‘मी रोज ग्रुप साफ करते, तरी फोन म्हणतो जागा नाही.’’

ही तक्रार खोटी नसते. ग्रुप खरोखर साफ झालेला असतो आणि जागाही खरोखर सुटलेली नसते, कारण व्हॉट्सअॅपमध्ये संदेश एका ठिकाणी राहतो आणि त्याच्यासोबत आलेली फाइल दुसऱ्या ठिकाणी. वाचनालयातल्या नोंदवहीत पुस्तकाच्या नावावर काट मारली म्हणून पुस्तक कपाटातून हलत नाही, तसाच हा प्रकार आहे. नोंद म्हणजे चॅट, ते अॅपच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये असतं. पुस्तक म्हणजे व्हिडिओची फाइल, ती फोनच्या साठवणुकीत एका फोल्डरमध्ये असते. हे फोल्डर कुठे आहे ते एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढचं सगळं सोपं होतं.

अँड्रॉइड 11 आणि त्यानंतरच्या फोनांत त्याचा पत्ता असा असतो:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media
```

त्याआधीच्या फोनांत साठवणुकीच्या अगदी पहिल्याच पायरीवर `WhatsApp` नावाचं फोल्डर दिसायचं, त्यात `Media`. आत गेलं की `WhatsApp Video`, `WhatsApp Images`, `WhatsApp Audio`, `WhatsApp Voice Notes`, `WhatsApp Documents` अशी फोल्डरं दिसतात. यातल्या बहुतेकांत `Sent` नावाचं आणखी एक फोल्डर असतं. तुम्ही पाठवलेल्या मालाची प्रत तिथे राहते. फाइलींची नावं रुक्ष पण उपयोगाची असतात. `VID-20240115-WA0007.mp4` म्हणजे 15 जानेवारी 2024 चा व्हिडिओ, त्या दिवसाचा क्रमांक 7. कोणी पाठवला, कुठल्या ग्रुपवर आला, हे नावात नसतं. ही उणीव पुढे आपल्याला नडणार आहे.

आता एक नमुना घेऊन हिशेब करू. समजा साताऱ्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेचा 32 जीबीचा फोन आहे. फोनची प्रणाली, बँकेचं आणि रेल्वेचं अॅप, कॅमेऱ्याचे फोटो हे सगळं धरून फक्त 300 एमबी मोकळे उरलेत. बाई सोसायटीच्या, माहेरच्या, शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांच्या आणि एका सत्संगाच्या ग्रुपवर आहेत. `WhatsApp` फोल्डरचा आकार 8.4 जीबी भरतो. त्यात व्हिडिओ 5.1, चित्रं 1.6, कागदपत्रं 0.6, व्हॉइस नोट 0.35, इतर ऑडिओ 0.25 आणि उरलेले 0.5 जीबी चॅटच्या बॅकअप प्रतींचे.

हे आकडे पाहिले की पहिला गैरसमज गळून पडतो. लोक जागा करायला बसले की व्हॉइस नोट पुसायला घेतात, कारण त्या संख्येने खूप दिसतात. पण व्हॉइस नोट बोलण्यासाठी बनवलेल्या `opus` प्रकारात साठवली जाते. मिनिटाभराच्या बोलण्याला साधारण दीडशे केबीच्या आसपास जागा पुरते. म्हणजे शंभर मिनिटं बोलणं ऐकून ऐकून पुसलं तरी जेमतेम 15 एमबी हाती लागतील, आणि दोन-तीन मिनिटांचा एकच फॉरवर्ड व्हिडिओ सहज तितका असतो. व्हॉइस नोट आठवड्यागणिक फोल्डरांत असतात, वर्ष आणि आठवड्याचा क्रमांक मिळून त्यांची नावं होतात. शिवाय त्या गॅलरीत दिसत नाहीत, त्यामुळे एकदा गेल्या की गेल्याचं लक्षातही येत नाही. गावाकडे असलेल्या वडिलांच्या आवाजातला निरोप पुसून तुमच्या हाती येते ती दीडशे केबी जागा. माझं सरळ मत आहे की त्यांना हातच लावू नये.

ऑडिओ म्हणून आलेली प्रवचनं आणि कीर्तनं मात्र वेगळी. ती बहुधा एमपी३ असतात, नाव `AUD` ने सुरू होतं आणि ती `WhatsApp Audio` मध्ये पडतात. 128 केबीपीएसच्या एमपी३ला मिनिटाला जवळपास एक एमबी लागतो, म्हणजे अर्ध्या तासाचं प्रवचन 30 एमबीच्या घरात जातं. ऐकायला दोन्ही सारखीच वाटतात, पण मिनिटागणिक जागेच्या हिशेबात प्रवचन निरोपाच्या सहा-सात पट जड.

दुसरा गैरसमज स्टेटसचा. इतरांचं जे स्टेटस तुम्ही पाहता त्याची फाइल फोनवर उतरते आणि `.Statuses` नावाच्या फोल्डरमध्ये जाते. नावाच्या आधी टिंब असल्याने ते फोल्डर लपलेलं असतं. फाइल मॅनेजरमध्ये लपलेल्या फाइली दाखवण्याची सोय चालू केली तरच ते दिसतं. पण स्टेटसचं आयुष्य चोवीस तासांचं असतं, आणि मुदत संपली की अॅप स्वतःच ते फोल्डर रिकामं करत राहतं. म्हणून ते रोज हाताने साफ करण्यात काही मिळकत नाही. खरी अडगळ होते ती ‘स्टेटस सेव्हर’ प्रकारच्या अॅपमुळे. भाचीच्या बारशाचं स्टेटस आवडलं म्हणून ते सेव्ह करायचं, मग आणखी चार जणांची. ही प्रत त्या अॅपच्या वेगळ्या फोल्डरमध्ये जाते, तिला चोवीस तासांची मुदत लागू नसते आणि व्हॉट्सअॅपला तिचा पत्ताही नसतो. असं अॅप फोनवर असेल तर त्याचं फोल्डर आधी पाहावं.

म्हणजे मुख्य ओझं व्हिडिओंचं. त्यासाठी व्हॉट्सअॅपमध्येच एक जागा आहे: Settings, मग Storage and data, मग Manage storage. वर दोन चौकटी दिसतात, Forwarded many times आणि Larger than 5 MB. त्याखाली चॅटची यादी येते, सगळ्यात जास्त जागा खाणारं चॅट सगळ्यात वर.

सुरुवात Forwarded many times ने करावी. जो संदेश किमान पाच चॅटच्या साखळीतून फॉरवर्ड होत आला आहे त्याला व्हॉट्सअॅप दोन बाणांची खूण लावतं, आणि असा माल या चौकटीत गोळा होतो. जी गोष्ट इतक्या हातांतून फिरली आहे ती तुमच्या घरातली नसणार, आणि लागलीच तर पुन्हा कुठूनही मिळेल. त्यामुळे इथे फार विचार न करता सगळं निवडून पुसता येतं. आपल्या नमुन्यात इथून 0.9 जीबी सुटतात. मात्र या चौकटीला एक मर्यादा आहे. कोणी तो व्हिडिओ फॉरवर्ड न करता गॅलरीतून नव्याने पाठवला, तर साखळी तुटते आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. म्हणून फिरून फिरून गुळगुळीत झालेला व्हिडिओही या चौकटीतून निसटू शकतो.

तो दुसऱ्या चौकटीत सापडतो. Larger than 5 MB उघडून क्रम Largest असा लावला की जड फाइली वर येतात. इथे मात्र एकदम सगळं निवडायचं नाही. चंद्रयानावरचा कुठलासा माहितीपट आणि धाकट्या भावाच्या लग्नातली सप्तपदी इथे शेजारी शेजारी असतात, आणि आकाराने सप्तपदीच मोठी असण्याची शक्यता जास्त. एकेक पाहावं, हवं ते आधी दुसरीकडे न्यावं. ओटीजी पेन ड्राइव्ह, संगणक किंवा गूगल फोटोज, काहीही चालेल. तिथे गेलेली फाइल एकदा उघडून, शेवटपर्यंत चालते का ते पाहून मगच इथली पुसावी. आपल्या नमुन्यातल्या बाईंना या चौकटीतून 2.1 जीबी मिळतात.

पुसताना पडद्यावर कधी कधी Delete item and any copies असा पर्याय येतो. त्याचा अर्थ तोच व्हिडिओ आणखी कुठल्या चॅटमध्येही आहे. सोसायटीच्या ग्रुपवर आलेला तो व्हिडिओ सत्संगाच्या ग्रुपवरही आला असेल तर एका ठिकाणचा पुसून जागा सुटत नाही, सगळ्या प्रती गेल्या तरच सुटते. ‘‘दहा व्हिडिओ पुसले, आकडा हललाच नाही’’ असं होतं तेव्हा पहिला संशय याच गोष्टीचा घ्यावा.

अजून एक सावधगिरी. Manage storage मधून पुसलेलं कुठल्याही कचरापेटीत जात नाही, ते थेट जातं. याउलट गॅलरीतून किंवा Files by Google मधून पुसलेली फाइल बहुतेक नव्या फोनांत आधी Trash मध्ये जाते आणि साधारण तीस दिवस तिथे पडून राहते. तेवढे दिवस ती जागा व्यापतच असते. त्यामुळे गॅलरीतून पुसाल तर Trash रिकामं करेपर्यंत आकडा बदलणार नाही.

आतापर्यंत 3 जीबी सुटले. आता सुरुवातीच्या तक्रारीकडे वळू, ती या बाईंचीही आहे. सफाई सुरू करण्याआधी Manage storage मधल्या सगळ्या चॅटच्या आकड्यांची बेरीज केली असती तर ती 6.2 जीबी भरली असती. पण `Media` फोल्डर 7.9 जीबीचं होतं. मधले 1.7 जीबी कोणाचे?

ते रोज साफ केलेल्या ग्रुपचे. चॅट उघडून Clear chat केलं की एक छोटी चौकट येते आणि या चॅटमधली मीडिया फोनच्या गॅलरीतूनही पुसायची का असं विचारते. तिथली खूण न करता पुढे गेलं की नोंद जाते, फाइल राहते. ग्रुप सोडून तो यादीतून काढून टाकतानाही हाच प्रश्न येतो आणि घाईत तोही तसाच ओलांडला जातो. फोन दुरुस्तीला देऊन आल्यावर व्हॉट्सअॅप पुन्हा चालू केलं, पण जुनं चॅट परत घेतलं नाही, तर जुन्या फाइली अशाच निराधार होऊ शकतात. आता या फाइलींचा कुठल्याच चॅटशी संबंध उरलेला नाही. चॅटची यादी चॅटकडे पाहून तयार होत असल्याने या फाइली त्या यादीत कधीच येणार नाहीत. रोज ग्रुप साफ करणारा माणूस प्रत्यक्षात रोज थोडे व्हिडिओ नजरेआड करत असतो.

त्या शोधायला फाइल मॅनेजरच लागतो. पण आधी सांगितल्याप्रमाणे नावात ग्रुप लिहिलेला नसतो, त्यामुळे निराधार फाइल आणि अजून चॅटमध्ये असलेली फाइल शेजारी शेजारी ठेवल्या तर ओळखू येत नाहीत. यावर उपाय क्रमाचा आहे. आधी अॅपच्या आतली सफाई पूर्ण करायची, म्हणजे चॅटमध्ये जे उरलं ते तुम्हाला हवं म्हणून उरलेलं असेल. त्यानंतर `WhatsApp Video` उघडून आकाराप्रमाणे क्रम लावायचा आणि वरून खाली यायचं. आता इथे जो नको असलेला व्हिडिओ भेटेल तो जवळपास नक्की निराधार. उलट क्रमाने गेलात, म्हणजे आधी फाइल मॅनेजर चालवला, तर चॅटमध्ये असलेल्या फाइलीही जातील. मग चॅटमध्ये नुसती अंधूक चौकट राहते आणि तिच्यावर बोट ठेवलं की फाइल फोनवर नसल्याची सूचना येते.

`Sent` फोल्डरही याच फेरीत पाहावं. तुम्ही पाठवलेल्या फोटोचं मूळ बहुधा कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्ये असतंच, आणि ही त्याची दाबून लहान केलेली प्रत. मूळ आहे याची खात्री करून प्रत पुसायला हरकत नाही. आपल्या नमुन्यात या फेरीत 1.7 पैकी 1.4 जीबी पुसले जातात, 0.3 जीबी घरचं निघतं आणि राहतं. मग Trash रिकामं करायचं, ते विसरलं तर ही सगळी फेरी कागदावरच राहील.

याच `WhatsApp` फोल्डरमध्ये `Databases` नावाचं फोल्डर आहे आणि त्याच्याशी खेळताना जपावं. व्हॉट्सअॅप रोज पहाटे दोनच्या सुमाराला चॅटची एक कुलूपबंद प्रत फोनवरच करतं आणि शेवटच्या सात दिवसांच्या प्रती ठेवतं. आपल्या नमुन्यात एक प्रत 70 एमबीची, म्हणून सात मिळून जवळजवळ अर्धा जीबी. नावात तारीख असलेल्या सहा जुन्या प्रती पुसल्या तर 0.4 जीबी लगेच मिळतात, पण आठवड्याभरात त्या पुन्हा तयार होतात. म्हणून ही जागा कायमची धरू नये. नावात तारीख नसलेली ताजी प्रत कधीही पुसू नये. अपडेटला 400 एमबी कमी पडत आहेत, अशा अडचणीच्या वेळेपुरता हा मार्ग.

सगळी बेरीज केली तर 0.9, 2.1, 1.4 आणि तात्पुरते 0.4 मिळून 4.8 जीबी. आधीचे 300 एमबी धरून मोकळी जागा 5.1 जीबी होते, आणि आठवड्याने बॅकअपच्या प्रती परतल्या की 4.7 वर स्थिरावते.

फोन इतका भरला असेल की व्हॉट्सअॅप उघडतच नाही, तर क्रम थोडा बदलावा लागतो. आधी दुसऱ्या एखाद्या जड अॅपच्या माहितीत जाऊन Clear cache करावं आणि श्वास घेण्याइतकी जागा मिळवावी. त्याच्या शेजारीच असलेल्या Clear data किंवा Clear storage वर, विशेषतः व्हॉट्सअॅपच्या पानावर, बोट पडू देऊ नये. कॅश म्हणजे तात्पुरता माल. पण डेटा म्हणजे तुमची चॅट. ती गेली की बॅकअप असेल तेवढीच परत येतात.

मेमरी कार्डचा सल्ला गल्लोगल्ली मिळतो. व्हॉट्सअॅप आपली मीडिया थेट कार्डावर साठवत नाही. फाइल मॅनेजरने तुम्ही फोल्डर उचलून कार्डावर नेलंत तर जागा सुटते, व्हिडिओ कार्डावरून पाहताही येतात, पण चॅटमधून ते उघडत नाहीत. जपून ठेवायच्या जुन्या मालासाठी हे चालेल, रोजच्यासाठी नाही. आयफोनवाल्यांकडे फिरायला असं उघडं फोल्डरच नसतं, त्यांना Manage storage वरच भागवावं लागतं.

आत येणारा ओघ थांबवायची जागा Storage and data मध्येच आहे: Media auto-download. मोबाइल डेटा, वाय-फाय आणि रोमिंग अशा तीन ओळी असतात. घरी वाय-फाय असलेल्यांचा फोन जास्त भरतो, कारण वाय-फायच्या ओळीत सुरुवातीपासून सगळ्या प्रकारांवर खूण असते. तिथली व्हिडिओ, ऑडिओ आणि कागदपत्रांची खूण काढली की यापुढे व्हिडिओ अंधूक चौकट म्हणून येतो, त्यावर आकार लिहिलेला असतो, आणि बोट ठेवलं तरच उतरतो. व्हॉइस नोट मात्र नेहमीच आपोआप उतरतात. त्यांचं वजन आपण पाहिलं आहे, तेव्हा त्याची काळजी नको. बरेच जण याऐवजी Media visibility बंद करतात आणि फसतात. त्याने नवा व्हिडिओ फक्त गॅलरीत दिसत नाही, फोनवर तो तितकीच जागा घेऊन बसलेलाच असतो.

आणि चुकून हवी ती गोष्ट पुसली गेली तर? गॅलरी किंवा फाइल मॅनेजरमधून गेली असेल तर आधी Trash पाहावं. Manage storage मधून गेली असेल तर गूगल खात्यातला बॅकअप हा एक मार्ग असतो, पण त्यासाठी तो बॅकअप पुसण्याआधीचा हवा, त्यात व्हिडिओ घ्यायची सोय चालू असायला हवी, आणि व्हॉट्सअॅप काढून पुन्हा बसवावं लागतं. त्या बॅकअपनंतर आलेले संदेश त्यात हरवू शकतात. रात्री नवा बॅकअप झाला की जुना बदलून जातो, म्हणून हा मार्ग धरायचा असेल तर आधी बॅकअप बंद करावा. सप्तपदीच्या एका व्हिडिओसाठी मी एवढ्या उठाठेवीत पडणार नाही. तो लग्नघरच्या ग्रुपवर आला होता ना? मग त्या ग्रुपवर विचारावं, ‘‘तो व्हिडिओ कोणाकडे आहे का?’’ ज्यांनी अजून फोन साफ केला नाही असे दोघे-तिघे निघतातच.